अकरा व्होल्टला दिवा विझायला हवा होता

सौर दिव्याच्या पेटीत बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते आणि तिच्यासोबत एक लहानसा सर्किट बोर्ड. बॅटरी फार उतरली की दिवा बंद करायचा, एवढंच या बोर्डाचं काम. बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही काम न करता पडून असेल तर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. दिवा चालू असताना ती १०.५ व्होल्टपर्यंत, म्हणजे सेलमागे १.७५ व्होल्टपर्यंत उतरली की तिच्यातली वापरण्याजोगी वीज संपली असं मानतात. त्यानंतरही ती ओढत राहिलं आणि तशीच रिकामी ठेवली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि पुढच्या चार्जिंगमध्ये ते पूर्ण विरघळत नाहीत. चार-दोन वेळा असं झालं की बॅटरीची ताकद कायमची घटते. म्हणून बोर्डाने थोडं आधीच, अकरा व्होल्टला, दिवा तोडायचा असतो.

दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते. दिवा मंद होत होत विझला, बॅटरी मोजली तर आठ व्होल्ट, आणि बोर्डाने काही तोडलेलंच नाही. बोर्डावर जळल्याची खूण नसते. रिले किंवा मॉस्फेट ठीक असतो, कंपॅरेटर आयसी बदलला तरी फरक पडत नाही. अशा वेळी सगळ्यात स्वस्त वस्तूकडे बघावं लागतं. काही पैशांचा एक रेझिस्टर आणि त्याच्या टोकाला उलटा जोडलेला, काचेचा किंवा तांदळाएवढ्या काळ्या चौकोनाचा झेनर डायोड. बहुतेकदा हे दोन्ही भाग शाबूत असतात. चूक त्या रेझिस्टरच्या किमतीत असते. डायोडला जगण्यापुरता प्रवाह त्याने दिलेलाच नसतो.

ही चूक कशी घडते ते समजायला आधी बोर्ड निर्णय कसा घेतो ते पाहू. कंपॅरेटर नावाच्या आयसीला दोन पाय असतात, आणि कोणत्या पायावर व्होल्टेज जास्त आहे एवढंच तो सांगतो. एका पायावर बॅटरीच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा येतो. दोन रेझिस्टरची जोडी तो हिस्सा काढून देते. दुसऱ्या पायावर असं व्होल्टेज हवं की जे बॅटरी चढो वा उतरो, हलणार नाही. याला रेफरन्स म्हणतात. समजा रेफरन्स ५.१ व्होल्टचा आहे. मग बॅटरीचा हिस्सा असा निवडायचा की बॅटरी बरोबर ११ व्होल्टवर आली की तोही ५.१ व्हावा. ५.१ भागिले ११ म्हणजे ०.४६३६. बॅटरी १२ व्होल्ट असताना हा हिस्सा ५.५६ असतो आणि रेफरन्सपेक्षा वर असतो, म्हणून दिवा चालू राहतो. बॅटरी अकराच्या खाली गेली की हिस्सा रेफरन्सच्या खाली जातो आणि दिवा तुटतो. या हिशेबातली प्रत्येक पायरी एकाच गृहीतकावर उभी आहे, रेफरन्स हलत नाही. बॅटरी मोजायची फूटपट्टी बॅटरीतूनच विजेवर चालते आणि तरीही बॅटरीबरोबर आखडत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. ते ज्यामुळे शक्य होतं ते म्हणजे उलट्या दिशेतलं ब्रेकडाउन.

साध्या डायोडला सुलट्या दिशेने जोडलं तर तो प्रवाह जाऊ देतो, उलट्या दिशेने जोडलं तर अडवतो. आतमध्ये पी आणि एन अशा दोन प्रकारच्या सिलिकॉनची सीमा असते. उलट व्होल्टेज दिलं की या सीमेजवळचे मोकळे वाहक बाजूला ओढले जातात आणि मध्ये वाहक नसलेला एक पातळ पट्टा तयार होतो. सगळं व्होल्टेज या पट्ट्यावर पडतं. पट्टा किती जाड होईल हे सिलिकॉनमध्ये अशुद्धी किती मिसळली आहे यावर ठरतं. अशुद्धी जास्त, तर पट्टा पातळ. पाच व्होल्टच्या झेनरमध्ये हा पट्टा इतका पातळ असतो की पाच व्होल्टनेच तिथलं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला सुमारे दहा लाख व्होल्ट इतकं तीव्र होतं. एवढ्या क्षेत्रात सिलिकॉनच्या अणूंना बांधलेले इलेक्ट्रॉन पट्ट्याच्या पलीकडच्या रिकाम्या पातळीवर थेट पोचू लागतात. मधला ऊर्जेचा अडथळा चढून न जाता ते त्याच्या आरपार जातात. क्वांटम यांत्रिकीत याला टनेलिंग म्हणतात.

ही कल्पना १९३४ मध्ये क्लॅरन्स झेनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने मांडली, पण डायोडसाठी नव्हे. विजेला अडवणारे घन पदार्थ तीव्र क्षेत्रात अचानक वाहक का होतात, हा त्याचा प्रश्न होता. तेव्हा ट्रान्झिस्टरही जन्मला नव्हता. पुढे बेल लॅब्जमध्ये विल्यम शॉकली आणि त्याच्या सहकाऱ्यांना उलट जोडलेल्या जंक्शनमध्ये अचानक वाढणारा प्रवाह दिसला, तेव्हा त्यांनी १९५१ मध्ये त्याला झेनरचं नाव दिलं. काही वर्षांतच कळलं की सगळ्या डायोडमध्ये हेच घडत नाही. पट्टा थोडा जाड असेल तर टनेलिंग क्षीण राहतं आणि दुसरीच प्रक्रिया पुढे येते. पट्ट्यात शिरलेला एखादा इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या ओढीने इतका वेग घेतो की अणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, मग ते दोघे आणखी दोन मोकळे करतात, आणि अशी वाढ होत जाते. हे ॲव्हलांच ब्रेकडाउन. सिलिकॉनमध्ये ढोबळमानाने पाच व्होल्टच्या खाली टनेलिंगचं राज्य आणि सहा-सात व्होल्टच्या वर ॲव्हलांचचं, मधल्या भागात दोन्ही एकत्र. दुकानात मात्र सगळ्यांनाच झेनर म्हणतात.

या मधल्या भागाला एक व्यावहारिक महत्त्व आहे. तापमान वाढलं की टनेलिंगचं व्होल्टेज उतरतं आणि ॲव्हलांचचं चढतं. दोन्ही एकत्र असतात तिथे हे दोन बदल एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. म्हणूनच रेफरन्स बनवताना ५.१ किंवा ५.६ व्होल्टचा झेनर हाताला येतो. उन्हात तापणाऱ्या पेटीत हे कामाचं ठरतं.

प्रक्रिया कोणतीही असो, रेफरन्ससाठी उपयोगी पडणारा गुण एकच आहे. ब्रेकडाउन नीट सुरू झालं की व्होल्टेज अगदी थोडं वाढवलं तरी प्रवाह खूप वाढतो. हेच वाक्य उलटं वाचलं तर त्याचा उपयोग दिसतो. प्रवाह खूप बदलला तरी व्होल्टेज जेमतेम हलतं. मात्र हा डायोड बॅटरीला थेट जोडता येत नाही, कारण मग प्रवाहाला आवर घालणारं काहीच उरणार नाही आणि तो जळेल. म्हणून बॅटरी आणि डायोड यांच्यामध्ये एक रेझिस्टर घालतात. बॅटरीचं जास्तीचं व्होल्टेज या रेझिस्टरवर पडतं, त्यातून येणाऱ्या प्रवाहापैकी पुढच्या सर्किटला हवा तेवढा तिकडे जातो, आणि उरलेला सगळा झेनर स्वतःतून जमिनीकडे सोडतो.

धरणाच्या उघड्या सांडव्याचं असंच असतं. पावसाळ्यात आवक कमी-जास्त होत राहते, कालव्याला सोडायचं पाणीही बदलतं, तरी जलाशयाची पातळी सांडव्याच्या माथ्याजवळच राहते, कारण जादा पाणी माथ्यावरून निघून जातं. पण ही पातळी टिकते ती सांडव्यावरून काहीतरी पाणी वाहत आहे तोवरच. वाहणं थांबलं की पातळी किती असेल हे सांडवा ठरवत नाही, ती आवक आणि उपसा यांवर सोडलेली असते. झेनरमधून वाहून ‘वाया’ जाणारा प्रवाह हा माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या जागी आहे. तो वाचवायला गेलं की नियमनच संपतं.

आता मुख्य प्रश्न, किमान किती प्रवाह वाहू द्यायचा? झेनरच्या उलट दिशेतल्या प्रवाहाचा आलेख काढला तर सुरुवातीला तो जवळजवळ सपाट असतो. व्होल्टेज वाढत जातं आणि गळतीचा क्षुल्लक प्रवाह सोडून काही घडत नाही. मग एक वळण येतं आणि त्यानंतर रेषा जवळजवळ उभी होते. या वळणाला इंजिनिअर ‘नी’ म्हणतात आणि त्या जागेच्या प्रवाहाला नी करंट. रेषा उभी असते तिथे डायोडचा डायनॅमिक रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या लहान बदलामागे व्होल्टेज किती हलतं ते प्रमाण, कमी असतं. वळणावर ते कितीतरी पटीने वाढतं.

आकड्यांत पाहायचं तर बाजारात सर्रास मिळणारा बीझेडएक्स८४ मालिकेतला ५.१ व्होल्टचा डायोड घेऊ. त्याच्या डेटाशीटमध्ये ५.१ हा आकडा ५ मिलीअँपिअर प्रवाहाला दिलेला आहे. सुटे नग ४.८ ते ५.४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतात. डायनॅमिक रेझिस्टन्स या प्रवाहाला जास्तीत जास्त ६० ओहम. त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात १ मिलीअँपिअरचे आकडे आहेत, आणि तो रकाना बहुतेक जण वाचत नाहीत. तिथे साधारण व्होल्टेज ४.७ आहे, नगानगांतला फरक ४.२ ते ५.३ इतका रुंदावला आहे, आणि डायनॅमिक रेझिस्टन्स ४८० ओहमपर्यंत जातो. पिशवीवर मात्र ठळक अक्षरांत फक्त ५.१ लिहिलेलं असतं. माझ्या मते झेनरच्या पिशवीवर व्होल्टेजशेजारी तो कोणत्या प्रवाहाला मोजला आहे हेही तितक्याच ठळकपणे छापायला हवं. प्रवाहाशिवाय तो आकडा अपुरा आहे.

कमी व्होल्टेजच्या झेनरमध्ये हे वळण विशेष मऊ असतं. टनेलिंग एखाद्या ठरावीक व्होल्टला एकदम सुरू होत नाही, क्षेत्र वाढेल तसं ते हळूहळू वाढत जातं. म्हणून ३.३ व्होल्टच्या झेनरची रेषा लांबलचक वळत जाते आणि ५.१ व्होल्टचीही बरीच वळते. आठ-दहा व्होल्टच्या ॲव्हलांच डायोडमध्ये वळण बरंच तीक्ष्ण असतं. पण तिथे कमी प्रवाहाला वेगळी अडचण येते. पट्ट्यात सगळीकडे एकसारखं ब्रेकडाउन होत नाही, काही सूक्ष्म ठिपक्यांवर ते आधी पेटतं. प्रवाह पुरेसा नसेल तर हे ठिपके पेटतात आणि विझतात, आणि व्होल्टेजवर सतत खरखर उमटते. मुद्दाम गोंगाट हवा असलेल्या सर्किटांत झेनर असा कमी प्रवाहावर चालवतातही. मोजमापाच्या फूटपट्टीसाठी मात्र तो दोषच.

आता त्या दिव्याच्या बोर्डाकडे परत जाऊ. बोर्ड आखणाऱ्याला बॅटरी वाचवायची असते आणि ही इच्छा रास्त आहे. रेफरन्सचं सर्किट दिवसरात्र चालू असतं. पाच मिलीअँपिअर चोवीस तास म्हणजे १२० मिलीअँपिअर-तास. सात अँपिअर-तासाच्या बॅटरीतून रोज पावणेदोन टक्के नुसत्या फूटपट्टीवर खर्च होतात. पावसाळ्यात ऊन नसताना हे खुपतं. म्हणून तो रेझिस्टर मोठा घेतो.

समजा त्याने ५.६ किलोओहम घेतला. बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास असताना डायोडमधून जेमतेम एक मिलीअँपिअर जातो. तक्त्यातल्या साधारण नगाचं व्होल्टेज मग ५.१ नव्हे तर ४.७ असतं. बॅटरीचा ०.४६३६ हिस्सा ४.७ ला कधी पोचतो? १०.१ व्होल्टला. अकराला तुटायला हवं होतं, तुटलं दहाच्या जवळ, म्हणजे बॅटरी रिकामी होऊन गेल्यावर. नग ४.२ व्होल्टचा निघाला तर तुटण्याची जागा नऊ व्होल्टवर घसरते. एकाच कारखान्यातून, एकाच पिशवीतून आलेल्या झेनरचे दोन दिवे अशा वेळी वेगवेगळ्या जागी तुटतात आणि लोक बॅटरीच्या कंपनीला दोष देतात.

यापेक्षा वाईट प्रकार पुढचा आहे. त्याच रेफरन्सवरून बोर्डावर आणखी कामं करून घेतात. चार्जिंग कधी थांबवायचं ती मर्यादा आणि बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या एलईडी यांसाठी झेनरवर रेझिस्टरची एक शिडी जोडलेली असते. समजा तिची एकूण किंमत १० किलोओहम. ती ५.१ व्होल्टला अर्धा मिलीअँपिअर स्वतःच घेते. आता बॅटरीकडचा रेझिस्टर १५ किलोओहमचा आहे असं धरा. झेनर क्षणभर बाजूला काढला तर १५ आणि १० किलोओहम मिळून बॅटरीचं व्होल्टेज सरळ वाटून घेतात, आणि शिडीवर बॅटरीचे बरोबर ०.४ येतात. झेनर परत बसवला तर तो हे व्होल्टेज खाली ओढू शकतो, वर नेऊ शकत नाही. म्हणजे रेफरन्स बॅटरीच्या ०.४ पटीपेक्षा जास्त होणं शक्यच नाही. ११ व्होल्टला तो फार तर ४.४, ९ व्होल्टला फार तर ३.६, ८ व्होल्टला फार तर ३.२.

कंपॅरेटरच्या दुसऱ्या पायावर काय आहे? बॅटरीचा ०.४६३६ हिस्सा. ११ व्होल्टला ५.१, ९ व्होल्टला ४.१७, ८ व्होल्टला ३.७१. कोणत्याही बॅटरी व्होल्टेजला हा हिस्सा रेफरन्सच्या वरच राहतो. तो कधी खाली जाणारच नाही, म्हणून दिवाही कधी तुटणार नाही. बॅटरी आठ व्होल्टवर सापडते आणि बोर्ड ‘सगळं ठीक’ म्हणत असतो, त्याचं कारण इथे आहे. झेनर बिघडलेला नाही. तो ब्रेकडाउनमध्ये पोचलेलाच नाही, त्यामुळे तो सर्किटमध्ये असून नसल्यासारखा आहे.

काही कारागीर यावर प्रीसेट फिरवून उपाय करतात. सप्लाय ११ व्होल्टवर ठेवायचा आणि दिवा तुटेपर्यंत प्रीसेट फिरवायचा. रेफरन्स पक्का असेल तर ही पद्धत उत्तम आहे, कारण झेनरच्या नगानगांतला फरक ती भरून काढते. पण उपाशी झेनरवर ती फसवी ठरते. रेफरन्स बॅटरीबरोबर उतरत असेल तर आलेखावर बॅटरीच्या हिश्शाची रेषा आणि रेफरन्सची रेषा जवळजवळ समांतर धावतात. प्रीसेट फिरवून त्या कशाबशा ११ व्होल्टला भेटवता येतात, पण दोन जवळजवळ समांतर रेषांचा छेदबिंदू किंचित धक्क्यानेही दूर सरकतो. संध्याकाळी पेटी थंड झाली, एखादी एलईडी पेटून शिडीचा भार बदलला, की रेफरन्समधला काही मिलीव्होल्टचा फरक तुटण्याची जागा अर्ध्या व्होल्टने किंवा त्याहून जास्त हलवतो. दुकानात बरोबर चालणारा बोर्ड घरी गेल्यावर चुकतो तो असा.

हा दोष पकडायला ऑसिलोस्कोप लागत नाही. बॅटरी काढून तिच्या जागी बदलता येणारा पॉवर सप्लाय जोडायचा आणि मल्टिमीटर झेनरच्या दोन टोकांवर धरायचा. मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स बहुधा दहा मेगाओहम असतो, त्यामुळे त्याने फरक पडत नाही. सप्लाय १४.४ व्होल्टपासून एकेक व्होल्ट खाली आणत जायचा आणि दर वेळी झेनरचं व्होल्टेज लिहून ठेवायचं. ५.६ व्होल्टच्या जवळ जाईपर्यंत सगळे झेनर कधीतरी पडतातच, तो दोष नव्हे. पाहायचं ते दहा ते साडेचौदा व्होल्टच्या पट्ट्यात. तिथे रेफरन्स दर व्होल्टमागे काही दशांश हलत असेल तर झेनर वळणावर किंवा वळणाखाली आहे. आमच्या उदाहरणातल्या बोर्डावर दहा व्होल्टच्या खाली तो व्होल्टमागे ०.४ व्होल्टच्या जवळपास हलेल, म्हणजे शुद्ध रेझिस्टरच्या जोडीसारखा. एकाच वाचनावर विसंबू नये. भरलेल्या बॅटरीवर उपाशी झेनरही साडेचारच्या आसपास काहीतरी दाखवू शकतो, आणि ‘पाचला जवळच आहे’ म्हणून तपासणारा पुढे जातो.

प्रवाह किती जातोय हेही सर्किट न तोडता कळतं. बॅटरीकडच्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं आणि त्याच्या किमतीने भागायचं, हा एकूण प्रवाह. रेफरन्सचं व्होल्टेज शिडीच्या किमतीने भागायचं, हा शिडीचा प्रवाह. वजाबाकी केली की झेनरच्या वाट्याचा उरतो. तो डेटाशीटमधल्या चाचणीच्या प्रवाहाच्या आसपास हवा. शून्याला टेकला असेल तर निदान झालं.

दुरुस्तीचा हिशेब सर्वांत वाईट क्षण धरून करायचा असतो. नेहमीची चूक अशी की बॅटरी बारा व्होल्टची म्हणून बारा धरून रेझिस्टर काढतात. पण रेफरन्सची खरी कसोटी बॅटरी उतरलेली असतानाच लागते, कारण निर्णय तेव्हाच घ्यायचा आहे. म्हणून बॅटरीचं सर्वांत कमी व्होल्टेज घ्यायचं, इथे १०.५. त्यातून झेनरचे ५.१ वजा केले की रेझिस्टरवर ५.४ व्होल्ट उरतात. शिडीला अर्धा मिलीअँपिअर आणि झेनरला किमान चार हवेत असं ठरवलं तर एकूण साडेचार. ५.४ भागिले साडेचार मिलीअँपिअर म्हणजे १.२ किलोओहम, आणि ही किंमत बाजारात सहज मिळते. १.२ किलोओहम लावल्यावर शिडीचा भार ०.२ मिलीअँपिअरने बदलला तरी रेफरन्स दहा-पंधरा मिलीव्होल्टच हलतो. एक मिलीअँपिअरवर चालणाऱ्या झेनरमध्ये तेवढ्याच बदलाने जवळजवळ शंभर मिलीव्होल्ट हलू शकतात, आणि तिथून तुटण्याची जागा पाव व्होल्टने सरकते.

दुसरं टोकही एकदा तपासून घ्यावं. चार्जिंगला १४.४ व्होल्ट असताना रेझिस्टरवर ९.३ पडतात आणि त्यातून पावणेआठ मिलीअँपिअर जातात. शिडी निघाली तरी सगळा प्रवाह झेनरमधून गेल्यास त्यात सुमारे ४० मिलीवॅट उष्णता होते, आणि रेझिस्टरमध्ये ७२ मिलीवॅट. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो आणि झेनरही त्याच्या मर्यादेच्या बराच आत राहतो. मोठा, एक वॅटचा झेनर घेतला तर ‘जास्त दणकट’ वाटतो, पण इथे तो उलट अडचण करतो. १एन४७३३ए हा एक वॅटचा ५.१ व्होल्टचा झेनर ४९ मिलीअँपिअरला मोजलेला असतो. डेटाशीटमध्ये त्याचा नी करंट एक मिलीअँपिअर दिला आहे आणि तिथे डायनॅमिक रेझिस्टन्स ५५० ओहम. चार-पाच मिलीअँपिअरवर तो अजून वळणाच्या बराच जवळ असतो. रेफरन्स म्हणून जितका प्रवाह परवडतो तितक्याच प्रवाहाला मोजलेला झेनर निवडणं बरं.

उरतो बॅटरी वाचवण्याचा मूळ प्रश्न. तो झेनरला उपाशी ठेवून सुटत नाही, पण दुसऱ्या भागाने सुटतो. एलएम३८५ हा दोन पायांचा भाग सर्किटच्या आकृतीत डायोडच्याच खुणेने काढतात आणि उलटाच जोडतात. आत मात्र ब्रेकडाउन होत नाही. आत ट्रान्झिस्टरांचं एक छोटं सर्किट असतं, ते सिलिकॉनच्या गुणधर्मांवरून व्होल्टेज घडवतं आणि जादा प्रवाह स्वतःतून सोडून ते व्होल्टेज राखतं. बाहेरून वागणूक झेनरचीच, किमान प्रवाहाची अटही तीच. फरक एवढा की ही अट आतल्या ट्रान्झिस्टरांना चालायला लागणाऱ्या प्रवाहाची आहे, म्हणून वळण तीक्ष्ण आणि आकडा लहान आहे. एलएम३८५ चा २.५ व्होल्टचा प्रकार २० मायक्रोअँपिअरपासून २० मिलीअँपिअरपर्यंत चालतो. तशाच दिसणाऱ्या एलएम३३६ ला २.५ व्होल्टच्या प्रकारात ४०० मायक्रोअँपिअर लागतात. सर्वत्र वापरला जाणारा टीएल४३१ नियमनात राहायला एक मिलीअँपिअरपर्यंत मागू शकतो. एकाच्या जागी दुसरा बसवताना पाय जुळतात का एवढंच पाहिलं आणि रेझिस्टर तसाच ठेवला, तर वरची सगळी कहाणी पुन्हा घडते.

एलएम३८५ घेऊन त्याच बोर्डाचा हिशेब असा होतो. शिडी आता १०० किलोओहमची करायची, ती २.५ व्होल्टला २५ मायक्रोअँपिअर घेते. बॅटरीचा हिस्सा ११ व्होल्टला २.५ येईल असा बदलायचा. बॅटरीकडचा रेझिस्टर ४७ किलोओहम. १०.५ व्होल्टला त्याच्यातून १७० मायक्रोअँपिअर येतात, शिडीचे २५ गेले की १४५ उरतात, आणि किमान अट २० ची आहे. बॅटरी बारा व्होल्टला असताना सगळा रेफरन्स मिळून २०० मायक्रोअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला पाच मिलीअँपिअर-तासांच्या आत. १.२ किलोओहम आणि झेनर यांची जोडी त्याच बॅटरीतून दिवसाला १३८ घेते. ज्या बचतीसाठी १५ किलोओहम लावला होता तिच्यापेक्षा ही बचत मोठी आहे. आणि शिडी १०० ऐवजी जुनीच १० किलोओहमची राहिली, तर तीच एकटी २५० मायक्रोअँपिअर मागेल, ४७ किलोओहम १०.५ व्होल्टला ते देऊ शकणार नाही, आणि दिवा पुन्हा आठ व्होल्टपर्यंत जळत राहील.